ऋणनिर्देशाचे संपादन: कोणाला किती शब्द, कोणत्या शब्दांत आणि कोणाचे नाव छापायचे नाही

पीएच.डी.च्या प्रबंधातल्या प्रत्येक प्रकरणावर मार्गदर्शक खुणा करून देतात, पण ऋणनिर्देशाच्या पानांना सहसा हात लावत नाहीत. तिथे त्यांचेच कौतुक असते. ते कापायला सांगणे अवघड आणि वाढवायला सांगणे त्याहून अवघड. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनही ही पाने सुटतात, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी प्रस्तावना आणि ऋणनिर्देश तपासणीतून वगळले आहेत. थोडक्यात, हा मजकूर कोणीच तपासत नाही. बहिःस्थ परीक्षकांना मात्र प्रबंध उघडल्यावर सुरुवातीलाच तो लागतो. पुढे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढला की सहकारी, नातेवाईक आणि गावाकडची मंडळी बहुधा तेवढीच पाने वाचतात.

त्यामुळे संपादन आपले आपणच करायचे. ते कसे करायचे हे कळण्यासाठी एक कल्पित, पण नेहमी दिसतो तसा मसुदा डोळ्यांसमोर ठेवू. विषय: मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांचे आरोग्य. संशोधक स्त्री आहे. पहिली दोन वर्षे तिला सारथी या संस्थेची अधिछात्रवृत्ती होती, नंतर ती एका महाविद्यालयात शिकवू लागली. मधे पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले आणि दुसऱ्या मार्गदर्शक बाईंकडे काम पुरे झाले. ४२ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. ऋणनिर्देशाचा पहिला मसुदा ११८० शब्दांचा, म्हणजे जवळजवळ चार पाने झाला आहे.

आधी यादी, तीही आठवणीवर विसंबून नाही

नावे राहून जातात ती बहुतेक एकाच कारणाने: लिहिणारा आठवून लिहितो. शेवटच्या सहा महिन्यांत जवळ असलेली माणसे लगेच आठवतात, पहिल्या वर्षातली मागे पडतात. म्हणून मसुदा बाजूला ठेवून यादी चार ठिकाणांहून काढावी.

पहिले ठिकाण म्हणजे खुद्द प्रबंध. तो मागून पुढे चाळावा. परिशिष्टातली प्रश्नावली कोणी तपासून दिली? नकाशा कोणी काढला? तक्ता ४.६ मधली सांख्यिकी चाचणी कोणी समजावून सांगितली? तळटीपेतला तो जुना अहवाल कोणाच्या कपाटातून मिळाला? दुसरे ठिकाण पत्रांची फाइल: परवानगीची पत्रे, ग्रंथालयांची शिफारसपत्रे, अधिछात्रवृत्तीचे मंजुरीपत्र, मार्गदर्शक बदलाचा आदेश. तिसरे म्हणजे फोन. क्षेत्रकार्याच्या महिन्यांतले व्हॉट्सॲपवरचे संवाद वर सरकवत गेले की विसरलेली पाचसहा नावे हटकून सापडतात. चौथे, संशोधन सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला ठेवलेले प्रगती अहवाल. त्या वेळी कोण काय सुचवत होते ते त्यांत तारखेसह असते.

प्रत्येक नावापुढे चार रकाने करावेत. ती व्यक्ती स्वतःचे नाव कसे लिहिते, तिने नेमके काय केले, ते प्रबंधात कुठे दिसते आणि नाव छापायला तिची हरकत आहे का. आपल्या उदाहरणात आठवणीतून ३१ नावे आली होती, कागद चाळल्यावर ती ४४ झाली. नव्याने आलेल्या १३ जणांत पहिले मार्गदर्शक होते! दोन वर्षे ज्यांच्याकडे नोंदणी होती, ज्यांनी विषयाचा आराखडा मंजूर करून घेतला, त्यांचे नावच मसुद्यात नव्हते. यामागे राग नव्हता. दुसऱ्या मार्गदर्शकांवर २९० शब्द लिहून झाल्यावर ती जागा भरली असे वाटले, एवढेच. पण वाचणारा असे समजत नाही. तो भांडण झाले असे समजतो.

याच फेरीत मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढणारी मुलगीही सापडली. तिला पैसे दिले होते, मग आभार कशाला, असा प्रश्न येतो. मोबदला दिला म्हणून ऋणनिर्देश चुकत नाही. ज्या कामावर प्रबंधाचा पुरावा उभा आहे ते करणाऱ्याचे नाव यावे. हेच संख्याशास्त्राची मदत आणि भाषासंपादन यांना लागू आहे, आणि इथे आणखी एक कारण आहे. भाषा दुसऱ्या कोणी सुधारून दिली असेल तर किती ते सांगणे प्रामाणिकपणाचा भाग आहे. ‘प्रकरण २ ते ५ची भाषा आणि शुद्धलेखन तपासून दिले’ या वाक्याने मदतीची हद्दही कळते. मात्र एखादे प्रकरण कोणाबरोबर संयुक्त लेख म्हणून प्रसिद्ध झाले असेल, तर ते इथे आभारांत उरकू नये. त्याची नोंद त्या प्रकरणात किंवा प्रतिज्ञापत्राजवळ, विद्यापीठाने सांगितलेल्या जागी करावी.

ज्यांची नावे छापायची नाहीत

भाषेला हात लावण्याआधी हे पाहून घ्यावे, कारण चुकीचा सर्वांत मोठा फटका इथे बसतो आणि तो लिहिणाऱ्याला नव्हे, दुसऱ्याला बसतो.

आपल्या मसुद्यात एक वाक्य होते: ‘आपल्या मनीचे दुःख मोकळेपणाने सांगणाऱ्या अमुकताई, तमुकताई (एकूण सात नावे) व त्यांच्या सर्व सख्यांचे आभार.’ पुढच्याच वाक्यात टोळीच्या मुकादमाचे पूर्ण नाव आणि गाव. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात मात्र लिहिले होते की मुलाखत देणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवली आहे. तिथे स्त्रियांना क्रमांक दिले होते आणि परिशिष्टातल्या तक्त्यात वय, मुलांची संख्या, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली की नाही आणि मुकादमाकडून आगाऊ उचल किती घेतली, हे क्रमांकाप्रमाणे मांडले होते. आता हे तिन्ही शेजारी ठेवा. मुकादमाच्या नावावरून टोळी कळते. टोळीत साधारण किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या किती जोड्या होत्या, हे त्या गावात सर्वांना ठाऊक असते. सात नावांपैकी चौतीस वर्षांची आणि चार मुलांची एकच असेल, तर तिची शस्त्रक्रिया आणि तिने मुकादमाबद्दल केलेली तक्रार ओळीने वाचता येते. पद्धतीच्या प्रकरणात दिलेला शब्द ऋणनिर्देशाच्या एका वाक्याने मोडला.

अशा ठिकाणी नाव न घेताही मन भरून आभार मानता येतात, फक्त वाक्य जरा सावकाश लिहावे लागते. सुधारलेला मजकूर असा: ‘दिवसभराची तोड आणि मोळ्या वाहणे संपल्यावर, कोपीवर चूल पेटवता पेटवता ज्या ४२ जणींनी माझ्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्यांची नावे मी दिलेल्या शब्दाप्रमाणे इथे लिहीत नाही. हा प्रबंध त्यांच्या सांगण्यावर उभा आहे.’ मुकादमाचे नाव गेले. ‘तळावर जाण्यासाठी ज्यांनी वाट करून दिली’ एवढ्यात त्याचे काम भागते. ओळख करून देणाऱ्या आशा सेविकेला विचारले. तिने नाव नको म्हटले, म्हणून ‘गावातील आशा सेविका’ राहिले, आणि गावाचे नाव तिथूनही काढले.

आणखी एक सापळा कार्यालयांचा असतो. तलाठी कार्यालयातल्या किंवा दवाखान्यातल्या एखाद्या माणसाने ओळखीवर नोंदवही दाखवलेली असते, झेरॉक्सही काढू दिलेली असते. लेखी परवानगी नसेल, तर त्याचे नाव घेऊन मानलेले आभार त्याच्या खात्यासाठी पुरावा ठरतात. पत्रांच्या फाइलमध्ये परवानगीचे पत्र असेल, तर कार्यालयाचे आणि पत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदाचे नाव घ्यावे. पत्र नसेल तर त्या माणसाला घरी जाऊन पेढे द्यावेत, छापू नये. (आणि ती नोंदवही प्रबंधात वापरायची का, हा प्रश्नही तेव्हाच मार्गदर्शकांपुढे ठेवावा.)

परीक्षकांचेही आभार प्रबंध सादर करताना मानू नयेत. कोण परीक्षक आहेत हे तुम्हाला कळलेले नसते, आणि कुणकुण लागली असेल तर ती छापणे त्याहून वाईट.

किती शब्द कोणाला

आता प्रमाण. मसुद्यातला एकेक भाग निवडून त्याचे शब्द मोजावेत. वर्डमध्ये मजकूर निवडला की खालच्या पट्टीत संख्या दिसते. आपल्या मसुद्याचा हिशेब असा निघाला: सुरुवातीचा अभंग आणि ज्ञानाची महती ६०, मार्गदर्शक २९०, महाविद्यालय २७०, ग्रंथालये ६०, मैत्रिणी ११०, टंकलेखन ३३, कुटुंब ३४० आणि मुलाखती देणाऱ्या स्त्रिया १७.

शेवटचा आकडा पाहिल्यावर पुढे काही सांगावे लागत नाही. महाविद्यालयाच्या २७० शब्दांत संस्थाध्यक्ष, सचिव, प्राचार्य, दोन उपप्राचार्य आणि अकरा सहकारी होते, आणि त्यांतल्या बहुतेकांपुढे ‘मोलाचे सहकार्य’ हाच शब्दप्रयोग होता.

चाळणीचा प्रश्न एकच ठेवावा: या माणसाने हे केले नसते, तर प्रबंधातले कोणते पान वेगळे झाले असते? घरच्यांसाठी तो थोडा बदलावा: कोणता महिना निभावला नसता? उत्तरात ठोस काही आले तर ते उत्तरच वाक्य म्हणून लिहावे. काहीच आले नाही, तर नाव समूहात जाते किंवा गळते.

संस्थाध्यक्षांच्या बाबतीत मात्र थोडे व्यवहारी राहावे. खाजगी संस्थेच्या महाविद्यालयात नोकरी असेल, तर अध्यक्ष आणि प्राचार्यांना वगळल्याचे कोणाच्या ना कोणाच्या लक्षात येतेच. त्यावर उपाय म्हणजे त्यांनी खरोखर काय केले ते शोधणे. क्षेत्रकार्यासाठी रजा मंजूर केली, वेळापत्रकात शनिवार मोकळा ठेवला, असे काहीतरी असतेच. ‘क्षेत्रकार्याच्या काळात रजा मंजूर केल्याबद्दल संस्थेचे अध्यक्ष श्री. … आणि प्राचार्य डॉ. … यांची मी आभारी आहे’ एवढे एक वाक्य दोघांना पुरते आणि खरेही असते. ‘शिक्षणमहर्षी’ लिहायची गरज उरत नाही.

सुधारल्यावर उदाहरणातला ऋणनिर्देश ५४० शब्दांचा झाला. दोन्ही मार्गदर्शक मिळून ८५, मुलाखती देणाऱ्या स्त्रिया व क्षेत्रकार्य १२०, संशोधन केंद्र, समिती आणि अधिछात्रवृत्ती ७०, महाविद्यालय ४५, ग्रंथालये आणि दस्तऐवज ५५, सांख्यिकी, मुलाखतींचे लेखन व टंकलेखन ६०, मैत्रिणी २५, कुटुंब ८०. हे आकडे काही नियम नाहीत. इतिहासाच्या प्रबंधात दप्तरखान्यांचा वाटा वाढेल, प्रयोगशाळेच्या कामात यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा. ज्या कामाने प्रबंध उभा राहिला, त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त जागा आली आहे का, एवढेच पाहायचे. एकूण मजकूर दीड-दोन पानांत बसवावा. विद्यापीठाने मर्यादा घातली असेल तर ती आधी पाहावी.

वाक्ये: कोठे बोलणे उलटते

मराठी ऋणनिर्देशांत काही शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत आले आहेत, आणि त्यांतले काही नेमका उलटा अर्थ देतात. ‘खारीचा वाटा’ हा त्यांतला ठळक. खार आपला वाटा आपण लहान म्हणते, त्यात तिची नम्रता असते. ‘माझ्या या कार्यात माझ्या मैत्रिणींचाही खारीचा वाटा आहे’ असे लिहिले की दुसऱ्याची मदत आपण लहान ठरवली. ‘सिंहाचा वाटा’ दुसऱ्या टोकाला जातो. ‘या प्रबंधात सरांचा सिंहाचा वाटा आहे’ असे ऋणनिर्देशात म्हणायचे आणि चार पाने आधी प्रतिज्ञापत्रावर ‘हे संशोधन माझे स्वतःचे आहे’ म्हणून सही करायची, यात विसंगती आहे हे परीक्षकांना दिसते. ‘मॅडमनी अक्षरशः लिहून घेतला’ हेही त्याच जातीचे.

‘त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल’ हे वाक्य एके काळी सुंदर असेल. आता ते मार्गदर्शक, आई, पती आणि टंकलेखक अशा चौघांनाही एकाच ऋणनिर्देशात लावलेले सापडते. आपल्या मसुद्यात ते तीनदा होते. तिन्ही काढली.

उचललेल्या मजकुराची खूण व्याकरणात राहते. ‘मी सरांचा ऋणी आहे’ हे पुरुषाचे वाक्य, ‘मी सरांची ऋणी आहे’ हे स्त्रीचे. ‘ऋणी’ आणि ‘आभारी’ बदलत नाहीत, आधीचे ‘चा’ आणि ‘ची’ लिहिणाऱ्याप्रमाणे बदलतात. आपल्या संशोधिकेच्या मसुद्यात मध्येच ‘मी त्यांचा सदैव ऋणी राहीन’ होते, कारण तो परिच्छेद केंद्रातल्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या प्रबंधावरून घेतला होता. Ctrl+F दाबून ‘ऋणी’, ‘आभारी’, ‘मानतो’, ‘करतो’ हे शब्द शोधले की दोन मिनिटांत असे सगळे सापडतात.

याच शोधात आणखी एक गोष्ट कळते: ‘आभार मानते’ किती वेळा आले. मसुद्यात २३ वेळा होते. यावर ‘कृतज्ञता व्यक्त करते’, ‘धन्यवाद देते’ असे प्रतिशब्द आलटूनपालटून घालणे हा इलाज नव्हे. वाक्याचा कर्ता बदलावा. मदत करणाऱ्याला कर्ता केले की क्रियापद आपोआप त्याच्या कामाचे होते, आणि आभाराचा शब्द परिच्छेदाच्या शेवटी एकदा आला तरी पुरतो.

मार्गदर्शकांचा परिच्छेद याच रीतीने घडला. आधीचा असा होता: ‘माझे श्रद्धास्थान, ज्ञानाचा अखंड झरा, विद्यार्थीप्रिय, मातृतुल्य मार्गदर्शक यांच्या अमूल्य, अनमोल व बहुमोल मार्गदर्शनाशिवाय हे शिवधनुष्य पेलणे मला केवळ अशक्य होते.’ यातली विशेषणे कोणत्याही मार्गदर्शकांना लागू पडतात, म्हणून ती कोणालाच पोचत नाहीत. सुधारलेला: ‘विषयाचा पहिला आराखडा प्रा. … यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. ऊसतोडीकडे केवळ स्थलांतर म्हणून न पाहता स्त्रियांच्या शरीरावर पडणारा भार म्हणून पाहावे, हे त्यांनी सुचवले. त्यांच्या निवृत्तीनंतर डॉ. … यांनी काम हाती घेतले. त्यांनी प्रत्येक प्रकरण किमान दोनदा वाचले, आणि तिसऱ्या प्रकरणातील वर्गीकरण त्यांच्या आक्षेपांमुळे मी पूर्ण बदलले. दोघांचीही मी मनापासून ऋणी आहे.’ पहिल्या मार्गदर्शकांचे नाव आले, दोघांमध्ये तुलना झाली नाही, आणि बदल का झाला हेही सहज सांगून झाले. बदल मतभेदाने झाला असता, तर ‘निवृत्तीनंतर’च्या जागी नुसते ‘पुढे’ चालले असते. कारण देणे बंधनकारक नाही. नाव देणे मात्र चुकवू नये.

ज्यांच्याशी बिनसले आहे अशा सगळ्यांसाठी हीच रीत उपयोगी पडते. काम होते तेवढे लिहावे, विशेषण लिहू नये. टोमणा तर कधीच नको. ‘ज्यांनी अडथळे आणले त्यांचेही आभार, त्यामुळे मी कणखर झाले’ हे वाक्य अनेकांना सुचते. ते वाचून केंद्रातल्या प्रत्येकाला वाटते की हे आपल्यालाच.

नावे, उपाधी आणि क्रम

संस्थांची नावे मंजुरीपत्रावर आहेत तशी पूर्ण लिहावीत: ‘छत्रपती शाहू महाराज संशोधन, प्रशिक्षण व मानव विकास संस्था (सारथी), पुणे’. अधिछात्रवृत्तीच्या अटींत आभाराचा ठरावीक मजकूर किंवा मंजुरी क्रमांक मागितला असेल, तर तो अक्षरशः उतरवावा. तिथे शैली दाखवायची नाही. विद्यापीठांची नावेही पाहून घ्यावीत. पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे. जुन्या प्रबंधावरून उतरवलेल्या मजकुरात जुनी नावे तशीच राहतात.

पद कधीचे लिहायचे? मदत केली तेव्हाचे, आणि आता बदलले असेल तर आधी ‘तत्कालीन’ लावावे. ‘प्रा. डॉ.’ की नुसते ‘डॉ.’, हे एकदा ठरवून सर्वांना सारखे लावावे. एकाला ‘मा. प्राचार्य डॉ.’ आणि शेजारच्याला नुसते नाव, हे चटकन डोळ्यांत भरते.

स्त्रियांच्या नावाआधीची उपाधी जपून वापरावी. ‘सौ.’ लिहिले की वैवाहिक स्थिती सांगितली जाते, आणि ‘श्रीमती’ हे सर्व स्त्रियांसाठी औपचारिक संबोधन असले तरी महाराष्ट्रात अनेक घरांत ते विधवेसाठी समजले जाते. शिक्षण किंवा पदाची उपाधी असेल तर तीच लावावी. नसेल तर विचारून घ्यावे, नाहीतर उपाधीविना पूर्ण नाव लिहावे आणि मग पुरुषांचे ‘श्री.’ही काढावे. ‘गं. भा.’ अजूनही कुठे कुठे दिसते. ते लिहू नये. दिवंगतांसाठी ‘कै.’ सर्वच घरांत चालते असे नाही. ‘दिवंगत’ कोणालाही खटकत नाही. यादी केल्यापासून प्रबंध सादर होईपर्यंत वर्ष उलटले असेल, तर कोणी मधल्या काळात गेले नाही ना, हे विचारून घ्यावे.

मार्गदर्शकांच्या घरी बैठका झाल्या असतील तर ‘सरांच्या सौभाग्यवतींनी केलेला पाहुणचार’ असे वाक्य बहुधा येतेच. त्या बाईंना स्वतःचे नाव असते. नाव माहीत करून घेऊन लिहावे, नाहीतर वाक्य सोडून द्यावे.

क्रम कामावरून ठरवावा: मार्गदर्शक, मुलाखती देणारे आणि क्षेत्रातले लोक, केंद्र व समिती, अर्थसाहाय्य, ग्रंथालये, तांत्रिक मदत, सहकारी आणि मित्र, कुटुंब. एकाच पातळीवरच्या माणसांत मानापमान टाळायचा असेल, तर आडनावांचा अकारविल्हे क्रम लावावा आणि तसे लिहूनही टाकावे. समूहाला एक कडक नियम: सगळ्यांची नावे, किंवा कोणाचेच नाही. केंद्रातल्या सात संशोधकांपैकी पाच जणांची नावे आणि पुढे ‘इत्यादी’ असे केले, तर ते ‘इत्यादी’ म्हणजे नेमके कोण दोघे, हे त्या दोघांना पक्के ठाऊक असते.

घरातही हाच नियम चालतो. दोन भाऊ असतील तर दोघांची नावे, किंवा ‘भावंडे’. आईवडिलांना तीन ओळी आणि सासूसासऱ्यांना अर्धी, असे झाले तर वाढवू नये. दोन्हीकडे काय केले ते लिहावे. ‘क्षेत्रकार्याच्या दोन हंगामांत मुलीला सासूबाईंनी सांभाळले’ या एका वाक्यापुढे ‘मायेची सावली’ फिकी आहे. मुलांचे पहिले नाव पुरते. वय, शाळा, आजार लिहू नयेत. घरातले आजारपण, कर्ज, दुरावलेले संबंध हेही लिहिताना खरे वाटते, पण हे पान जालावर कायमचे राहते आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला विचारलेले नसते. पती ‘खंबीरपणे पाठीशी उभे राहिले’ हे मसुद्यात चारदा होते. एकदा ठेवले, तेही बदलून: पहाटे चारला तळावर सोडायला ते येत, तेवढे लिहिले.

शेवटी ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’ हे जाळे टाकायची पद्धत आहे. ठेवायला हरकत नाही, पण जो विसरला गेला त्याचे त्याने समाधान होत नाही. ‘अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ मात्र काढावे. काहीतरी राहिले आहे याची ती जाहीर कबुली वाटते. त्याऐवजी एक साधे वाक्य ठेवावे, की प्रबंधात उरलेल्या उणिवांची जबाबदारी माझी आहे. ज्यांची नावे घेतली त्यांना त्याने खरोखर संरक्षण मिळते.

शेवटची फेरी

मजकूर दोन माणसांना वाचायला द्यावा: एक संशोधन केंद्रातला, एक घरचा. दोघांनाही शैलीबद्दल न विचारता एवढेच विचारावे, ‘कोण राहिले, आणि कोणाला हे वाचून वाईट वाटेल?’ पहिल्याला मार्गदर्शक बदलाचा इतिहास माहीत असतो, दुसऱ्याला मावशीचा. कार्यालयातल्या पीएच.डी. विभागाच्या लिपिकाचे नाव या टप्प्यावर हमखास निघते.

मग अक्षरे. प्रबंध श्रीलिपीत टंकित होऊन युनिकोडमध्ये बदलला असेल, तर जोडाक्षरे फुटतात आणि त्याचा मार नावांना जास्त बसतो, कारण नाव चुकले तरी वाचणाऱ्याला ते चुकले असे लगेच वाटत नाही. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘सुर्वे’, ‘क्षीरसागर’ अशी नावे यादीतल्या पहिल्या रकान्याशी एकेक अक्षर लावून पाहावीत. ज्या माणसांचे नाव दोन तऱ्हांनी लिहिता येते, ‘शिर्के’ की ‘शिरके’, त्यांना फोन करावा. ही तपासणी अंतिम पीडीएफवर करावी, वर्डच्या फाइलवर नको, कारण फॉन्टची मोडतोड पीडीएफ बनवतानाही होते. शोधगंगेसाठी सुरुवातीच्या पानांची फाइल वेगळी द्यावी लागते, तीही उघडून पाहावी. बऱ्याचदा तिच्यात आधीचा मसुदा, त्या सात नावांसकट, तसाच राहिलेला असतो.